मका जसाच्या तसा पडतो तेव्हा

पावसाळा सुरू झाला, नाक्यानाक्यावर शेगड्या पेटल्या, की फॅमिली डॉक्टरांकडे एक प्रश्न हमखास यायला लागतो. विचारणारा आधी इकडचं तिकडचं बोलतो, ॲसिडिटीची गोळी मागून घेतो आणि उठता उठता आवाज खाली आणून म्हणतो, “डॉक्टर, परवा भुट्टा खाल्ला होता. दाणे शौचातून जसेच्या तसे पडले. माझं पचन बिघडलंय का?”

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. पण नुसतं ‘नाही’ म्हटल्याने माणसाचं समाधान होत नाही, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पिवळा दाणा, आकार तोच, रंग तोच. मग पचलं काय?

उकडलेल्या स्वीट कॉर्नचा एक दाणा चिमटीत धरून दाबून बघा. आतला मऊ, दुधाळ गर पुचकन बाहेर येतो आणि बोटांत राहते ती चिवट, चकचकीत साल. या सालीचा मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज आणि त्याच जातकुळीतले इतर तंतू. वाळलेल्या मक्याच्या दाण्यात ही साल वजनाने जेमतेम पाच-सहा टक्के भरते. बाकीचा सगळा दाणा म्हणजे स्टार्च, थोडी प्रथिनं, आणि कोंबाजवळचं थोडं तेल. आपलं शरीर हे बाकीचं सगळं पचवू शकतं. फक्त ती साल पचवू शकत नाही.

गंमत अशी की स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. ग्लुकोजच्या कणांना कण जोडून लांबच लांब साखळी केली की त्यातून कधी स्टार्च होतो, कधी सेल्युलोज. फरक आहे तो दोन कणांमधल्या जोडाचा. स्टार्चमधला जोड तोडणारा पाचकरस आपल्या लाळेत आहे, स्वादुपिंडाच्या रसात तर भरपूर आहे. सेल्युलोजमधला जोड तोडणारा रस माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. तो गाईलाही स्वतःला तयार करता येत नाही. तिच्या पोटात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव ते काम करतात, आणि त्यासाठी तिला तासन् तास रवंथ करत बसावं लागतं. आपल्याही मोठ्या आतड्यात जिवाणू आहेत आणि ते भाज्यांचे मऊ तंतू बऱ्यापैकी कुजवतात. कोबी किंवा दुधी खाल्ल्यावर त्यांचे तुकडे फारसे दिसत नाहीत ते त्यामुळे. मक्याची साल मात्र या जिवाणूंनाही फारशी दाद देत नाही. तिच्यातले तंतू एकमेकांना फार घट्ट बांधलेले असतात.

म्हणून कमोडमध्ये जो ‘दाणा’ दिसतो तो पुष्कळदा दाणा नसतोच, त्याची साल असते. चावताना ती एका बाजूने फुटलेली असते, आतला गर पाचकरसांनी काढून नेलेला असतो आणि रिकाम्या सालीत वाटेतला मळ शिरून ती पुन्हा फुगलेली असते. एखादा दाणा न चावता अख्खा गिळला गेला, तर तो मात्र आतल्या गरासकट बाहेर पडू शकतो. त्यात नुकसान एवढंच की त्या दाण्याचं पोषण मिळालं नाही. पोटाला अपाय काहीच नाही.

आता एका भुट्ट्याचा पूर्ण प्रवास बघू, कारण या प्रश्नातला निम्मा गोंधळ वेळेचा असतो. समजा, एका गृहस्थाने रविवारी संध्याकाळी सहा वाजता फिरायला गेल्यावर लिंबू-मीठ-तिखट चोळलेला भुट्टा खाल्ला. भुट्टा गप्पा मारत खाल्ला जातो; काही दाणे दाढेखाली चिरडले जातात, काही नुसतेच फुटतात, दोन-चार तसेच घशाखाली उतरतात. जठर अन्न घुसळून त्याची पातळ पेज करतं आणि ती थोडी थोडी पुढे सोडतं. पण जठराच्या तोंडाशी एक चाळण असल्यासारखी व्यवस्था आहे: साधारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा जेवण चालू असताना पुढे जाऊ दिला जात नाही. तो मागे ढकलून पुन्हा घुसळला जातो. तरीही जे फुटत नाही, म्हणजे साल, बिया, रेषा, ते जेवण उरकेपर्यंत जठरातच थांबतं. मग पोट रिकामं झाल्यावर दर दीड-दोन तासांनी एक जोरदार आकुंचनाची लाट येते आणि उरलंसुरलं सगळं एकदम पुढे ढकलून देते. उपाशीपोटी जो गुडगुड आवाज येतो तो बराचसा याच लाटेचा. आपल्या गृहस्थाने रात्री नऊला पुन्हा जेवण केलं, त्यामुळे भुट्ट्याच्या काही साली मध्यरात्रीपर्यंत जठरातच राहिल्या असतील.

पुढचे काही तास लहान आतड्यात. सुमारे सहा मीटरच्या या नळीत स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मिसळतं, फुटलेल्या दाण्यांमधला स्टार्च साखरेत बदलतो आणि शोषला जातो. सोमवारी सकाळी साली मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पोचलेल्या असतात. सोमवारी सकाळी गृहस्थ शौचाला जातात, पण तेव्हा बाहेर पडतं ते शनिवारचं, फार तर रविवार सकाळचं. मोठं आतडं सगळ्यात सावकाश चालतं. पाणी शोषून घ्यायला त्याला एक दिवस सहज लागतो, कधी दीड-दोन. मंगळवारी सकाळी सात वाजता पिवळे दाणे दिसतात. हिशेब केला तर खाल्ल्यापासून सदतीस तास झालेले असतात. काही दाणे बुधवारीही दिसतील.

पण मंगळवारी सकाळी गृहस्थांना आठवतं ते सोमवारी रात्रीचं जेवण. त्यात मका नव्हताच, म्हणून त्यांचा गोंधळ उडतो. किंवा सोमवारी रात्री घरी मक्याची उसळ झाली असेल, तर ते ठरवून टाकतात की ‘रात्री खाल्लं, सकाळी पडलं, पोटात काही टिकतच नाही.’ जेवल्या जेवल्या शौचाला पळावं लागणाऱ्यांचाही हाच समज असतो. खरं तर जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा जातो, आणि बाहेर येतं ते आधीपासून तिथे साठलेलं. आत्ताचा घास अजून जठराच्या वेशीवरच असतो.

हा वेळ माणसागणिक खूप बदलतो. २०१८ साली मुलांच्या काही डॉक्टरांनी मिळून एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. सहा जणांनी लेगो खेळातल्या बाहुल्यांची पिवळी डोकी गिळली आणि रोज आपापला मळ तपासला. मुलांनी गिळलेली अशी छोटी, गुळगुळीत वस्तू बाहेर यायला किती वेळ लागतो, हे पालकांना सांगता यावं हा हेतू होता. सरासरी एक पूर्णांक सात दिवस लागले. एकाचं डोकं सापडलंच नाही. मक्याचे दाणेही याच कामाला वापरता येतात: चार-पाच दिवस मका खायचा नाही, मग एकदा वाटीभर खाऊन वेळ टिपून ठेवायची आणि पहिला दाणा कधी दिसतो ते पाहायचं. बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत काहीही आलं तरी ते सर्वसाधारण समजतात. फार लवकर आलं आणि शौच पातळ असेल, तर अन्न घाईने पुढे सरकतंय. चार-पाच दिवस लागले, तर बद्धकोष्ठाकडे बघायला हवं. पचनशक्ती किती आहे, हे मात्र या परीक्षेतून कळत नाही. मका पचतोय की नाही, हा प्रश्न तिला विचारायचाच नाही.

आपल्याकडे मक्यापेक्षा रोज दिसणारी गोष्ट म्हणजे फोडणी. मोहरी तडतडली तरी तिचं काळं टरफल तसंच राहतं. जिऱ्याच्या काड्या, मिरचीचे लालभडक पापुद्रे, कढीपत्त्याचं पान, कोथिंबिरीचे देठ, टोमॅटोची गुंडाळी झालेली साल, ढोबळ्या मिरचीचा पातळ पदर, मटकीची टरफलं: महाराष्ट्रीय ताटात ज्या गोष्टी पचत नाहीत त्यांची यादी लांब आहे. यातल्या टोमॅटोच्या आणि लाल मिरचीच्या सालीने बरेच जण घाबरतात, कारण पाण्यात ती रक्तासारखी दिसते. पाण्यात ती हलवली आणि कडा असलेला तुकडा निघाला, तर ती साल. रक्त पाण्यात पसरतं, मळावर माखलेलं दिसतं. बीट खाल्ल्यावर मळ लालसर-जांभळा होतो, तोही एक-दोन दिवसांत जातो.

बियांचं प्रकरण निराळं आहे. साल निदान पचायला अवघड म्हणून उरते. बी तर न पचण्यासाठीच घडलेली असते. पेरू, टोमॅटो, वांगं, अंजीर ही फळं गोड किंवा मऊ करून झाड प्राण्याला बोलावतं ते यासाठी की त्याने फळ खावं, बी पोटातून न मोडता पलीकडे जावी आणि खतासकट नव्या जागी पडावी. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ कुठल्या तरी पक्ष्याच्या पोटातूनच आलेला असतो. सांडपाण्याच्या नाल्याकाठी कुणी न लावता टोमॅटोची रोपं येतात, त्यांचा इतिहास फार वेगळा नाही.

मेक्सिकोच्या वायव्येकडील बाहा कॅलिफोर्निया हा कोरडा द्वीपकल्प. अठराव्या शतकात तिथे राहिलेला बेगर्ट नावाचा जेझुइट धर्मोपदेशक तिथल्या आदिवासींची एक रीत लिहून गेला. निवडुंगाची पिटाया नावाची फळं तिथे हंगामात मुबलक येत आणि लोक पोट फुटेस्तोवर खात. या फळांच्या बारीक काळ्या बिया मळातून जशाच्या तशा बाहेर पडत. लोक तो मळ वाळू देत, बिया वेचून घेत, भाजत, दळत आणि खात. याला पुढे ‘दुसरी सुगी’ असं नाव पडलं. पाहुण्यांना ते ऐकून शिसारी येई. पण पोषणाच्या हिशेबाने त्या लोकांचं चुकत नव्हतं: पहिल्या फेरीत बीतलं तेल आणि प्रथिनं जवळजवळ तशीच निसटली होती, भाजून दळल्यावर ती हाती लागली. पिटायाचाच एक भाऊबंद म्हणजे ड्रॅगन फ्रूट. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात आता त्याच्या बागा आहेत. ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मळात काळे ठिपके दिसले, तर ते तेच.

दळण्या-कुटण्याचा हा मुद्दा घरच्या स्वयंपाकालाही लागू पडतो. जवस आरोग्याला चांगले म्हणून हल्ली बरेच जण सकाळी चमचाभर अख्खे जवस पाण्याबरोबर गिळतात. त्यातले बरेचसे चकाकत्या टरफलासकट बाहेर पडतात आणि ज्या तेलासाठी ते खाल्ले ते टरफलाच्या आतच राहतं. आपल्याकडे जवस, तीळ, कारळं भाजून खलबत्त्यात कुटून चटणी करायची पद्धत आहे. पोषण मिळवायचं तर तीच पद्धत खरी. शेंगदाण्याचंही असंच. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, अख्खे शेंगदाणे खाणाऱ्यांच्या मळातून शेंगदाण्याचं लोणी किंवा तेल खाणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त चरबी बाहेर पडलेली आढळली. दाणा कितीही चावला तरी त्याच्या पेशींच्या भिंती सगळ्याच फुटत नाहीत आणि न फुटलेल्या पेशीतलं तेल आतच राहतं. ही निरोगी माणसांची गोष्ट आहे, हे लक्षात घ्यायला हवं. थोडं फार वाया जाणं हा पचनाचा रोग नव्हे.

मक्याची साल काढायची युक्तीही मेक्सिकोचीच. तिथले लोक हजारो वर्षं वाळका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. साल सुटते, चोळून धुतली की निघून जाते, मग दाणा वाटून तोर्तिया करतात. असा मका खाल्ल्यावर मळात काही दिसत नाही. आपल्या मक्याच्या भाकरीतही साल असतेच, पण जात्याने तिचा इतका भुगा केलेला असतो की डोळ्यांना कळत नाही.

‘पेरूच्या बिया अपेंडिक्समध्ये जाऊन अडकतात’ हे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सच्या १९६९ शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फळाची बी फक्त एकात सापडली. म्हणजे अशक्य नाही, पण पेरू सोडण्यासारखं तर मुळीच नाही. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या येण्याचा एक विकार उतारवयात होतो. अशा लोकांना बिया, मका, दाणे पूर्ण बंद करायला सांगायची पद्धत कित्येक वर्षं होती. २००८ साली अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात मक्याच्या लाह्या आणि दाणे जास्त खाणाऱ्यांना त्या पिशव्यांचा त्रास जास्त झालेला दिसला नाही, उलट थोडा कमीच दिसला.

बियांनी खरा त्रास होतो तो वेगळ्या ठिकाणी. सूर्यफुलाच्या बिया टरफलासकट मूठमूठ खाल्ल्या तर त्यांचा टोचरा गोळा गुदद्वाराशी अडकून बसू शकतो, विशेषतः मुलांमध्ये. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, ती गिळू नये. सीताफळाची बी चुकून अख्खी गिळली गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते. विषारी आहे तो तिच्या आतला गर, म्हणून ती फोडून, वाटून खायची नसते. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. तिथे भीती पोटाची नसते, श्वासनलिकेची असते.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबू, कारण या प्रश्नाने सगळ्यात जास्त झोप उडते ती नव्या आयांची. बाळाला वरचं अन्न सुरू झालं, की शीमध्ये गाजराचे नारिंगी चौकोन, मटारचे हिरवे पापुद्रे, भाताची शितंसुद्धा दिसायला लागतात. चावण्याच्या पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास येतात, मागच्या दुसऱ्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत. तोवर मूल पुढच्या दातांनी तोडतं आणि हिरड्यांनी चेपून गिळतं. त्यात शी दिवसातून दोन-तीनदा होते, म्हणजे अन्न आत राहतं तेही कमी वेळ. मूल खेळतंय, वजन वाढतंय, तर शीमधले गाजराचे तुकडे मोजत बसू नये.

केळं सुरू केलेल्या बाळाच्या शीमध्ये काळ्या बारीक दोऱ्या दिसतात आणि घरात ‘जंत झाले’ म्हणून धावपळ होते. त्या केळ्याच्या मधल्या रेषा असतात. पोटातून जाताना त्या काळ्या पडतात. जंत ओळखायची खूण सोपी आहे. सुतासारखे जंत पांढरे, सेंटिमीटरभर लांब असतात, ताज्या शीत वळवळताना दिसतात आणि मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज सुटते. मोठा जंत गांडुळासारखा, वीतभर लांब असतो. केळ्याची रेषा हलत नाही.

एक ते पाच वर्षांच्या काही मुलांना महिना-महिना दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी होते, त्यात भाज्यांचे तुकडे आणि दाणे स्पष्ट दिसतात, पण पोट दुखत नाही, मूल रात्री शीसाठी उठत नाही आणि वजन-उंची वयानुसार वाढत असते. याला डॉक्टर ‘टॉडलर डायरिया’ म्हणतात. आतडं निरोगी असतं, फक्त अन्न घाईने पुढे जातं. यात पुष्कळदा दोष असतो तो पॅकबंद फळांच्या रसाचा. सफरचंदाच्या रसातल्या काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत आणि आतड्यात पाणी ओढून घेतात. दुसरी चूक म्हणजे जुलाब म्हणून तूप-तेल पार बंद करणं. स्निग्ध पदार्थ जठराला सावकाश करतात. ते काढून घेतले की शी आणखी पळते. रस बंद करून वरणभातावर नेहमीइतकं तूप घातलं, तर बरीच मुलं काही आठवड्यांत सुधारतात. उरलेली बहुतेक शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप.

मोठ्या माणसांच्या भीतीला हल्ली एका कागदाने खतपाणी मिळतं. पॅथॉलॉजी लॅबचा ‘स्टूल रुटीन’ रिपोर्ट. त्यात रंग, घट्टपणा, रक्तपेशी, जंतांची अंडी यांच्याबरोबर दोन ओळी असतात: ‘व्हेजिटेबल सेल्स’ आणि ‘अनडायजेस्टेड फूड पार्टिकल्स’. समोर छापलेलं असतं ‘प्रेझेंट’. माणूस तो फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो, दोन दिवसांत कुणी तरी पाचक चूर्ण सुचवतं, कुणी एन्झाइमच्या गोळ्या. शाकाहारी किंवा भाजी खाणाऱ्या कुणाच्याही मळात सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींच्या पेशी दिसतातच. त्या दिसल्या नाहीत तर उलट माणसाने भाजी खाल्ली नाही असं म्हणायला हवं. त्याच कागदावर दुसऱ्या दोन ओळी असतात, त्यांना मात्र अर्थ असू शकतो: ‘फॅट ग्लोब्यूल्स’ म्हणजे चरबीचे थेंब, आणि ‘मसल फायबर्स’ म्हणजे न पचलेल्या मांसाचे तंतू. मांस आणि चरबी पचवायची पूर्ण साधनं आपल्याकडे आहेत. ती बाहेर पडत असतील, तर साधनात बिघाड असू शकतो.

इथेच साधं आणि काळजीचं यांतली रेघ आहे. भुट्टा खाणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी आणखी एक माणूस उभा करू. वय पन्नाशीचं, बरीच वर्षं दारू, मधूनमधून वरच्या पोटात कळ येऊन पाठीत जाते. गेल्या चार-सहा महिन्यांत पँट सैल झाली आहे, खाणं मात्र कमी झालेलं नाही. शौच दिवसातून तीन-चारदा, फिकट, भरपूर, विलक्षण दुर्गंधीची. पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि फ्लश केल्यावरही भांड्याला चिकटून राहते. त्याच्या मळातही मक्याचे दाणे आहेत. पण डॉक्टर दाण्यांकडे बघणारच नाहीत. ते तवंगाकडे आणि उतरलेल्या वजनाकडे बघतील आणि स्वादुपिंडाचा विचार करतील. नुसतं तरंगणं याला लक्षण म्हणत नाहीत, हेही सांगायला हवं. निरोगी माणसाचा मळ तरंगतो तो बहुधा आत अडकलेल्या वायूमुळे.

अशा वेळी मळातल्या इलास्टेज या पाचकरसाची तपासणी करतात. स्वादुपिंडातून निघालेला हा रस आतड्यातून जाताना मोडत नाही, म्हणून तो मळात किती उरला यावरून स्वादुपिंडाचं काम कळतं. एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निघाला तर संशय घेतात, शंभराच्या खाली गेला तर तो बळावतो. नमुना पाण्यासारखा पातळ असला तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून जुलाबाच्या ऐन दिवशी ही तपासणी करून घेऊ नये. एन्झाइमच्या गोळ्या या माणसासाठी आहेत आणि त्याला त्यांनी खरोखर फरक पडतो. भुट्टेवाल्या गृहस्थांनी त्या महिनाभर घेतल्या तरी मक्याची साल पडायची ती पडणारच, कारण या गोळ्यांतही सेल्युलोज तोडणारा रस नसतो.

स्वादुपिंडाखेरीज आणखी काही कारणं आहेत. जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी दूषित पाण्यातून येतो, आठवडेच्या आठवडे पोट फुगवतो आणि शौच तेलकट करतो. गव्हातल्या ग्लुटेनने लहान आतड्याचं अस्तर झडण्याचा सिलिॲक आजार असतो. त्याची रक्ततपासणी पोळी खाणं चालू असतानाच करायची असते. आधी गहू सोडला आणि मग तपासलं, तर रिपोर्ट चुकीने निर्दोष येऊ शकतो. थायरॉइड जास्त झालं तरी आतडं धावायला लागतं. या सगळ्यांत दाणे-साली जास्त दिसतील, पण सोबत दुसरं काही तरी असतंच: चार आठवड्यांवर चाललेले जुलाब, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारं शौच, ताप, रक्त, डांबरासारखा काळा मळ, मुलाची थांबलेली वाढ, पंडुरोग. यातलं काही असेल तर मका खाल्ला असो वा नसो, डॉक्टरांकडे जायचंच. यातलं काही नसेल, तर दाणे दिसले म्हणून जायचं कारण नाही.

वयस्कर माणसांत एक साधं कारण बऱ्याचदा राहून जातं, ते दातांचं. कवळी सैल झाली, एका बाजूच्या दाढा गेल्या, की माणूस नकळत मोठे घास गिळायला लागतो आणि कोशिंबिरीतली गाजरं-काकड्या तुकड्या-तुकड्याने बाहेर येतात. तिथे पोटाच्या डॉक्टरांच्या आधी दातांच्या डॉक्टरांना गाठावं आणि तोवर गाजर किसून खावं.

शेवटी, मळात दिसणारी एक वस्तू अन्न नसतेच. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या, रक्तदाबाच्या निफेडिपिनच्या काही गोळ्या दिवसभर सावकाश औषध सोडतील अशा बनवलेल्या असतात. त्यांच्यातलं औषध पाझरून शरीरात जातं, पण बाहेरचा सांगाडा विरघळत नाही आणि मऊ, फिकट, गोळीच्याच आकाराचा बाहेर पडतो. ‘गोळी पडून गेली, लागूच झाली नाही’ असं समजून काही जण दुसरी गोळी घेतात, काही औषधच बंद करतात. दोन्ही धोक्याचं. साखर किंवा रक्तदाब मोजून घ्यावा. आकडा नेहमीसारखा असेल तर औषध लागू पडलं आहे आणि पडलेलं ते रिकामं टरफल आहे. आकडा वाढला असेल, किंवा आतड्याचा भाग काढलेला असेल, किंवा सतत जुलाब होत असतील, तर ती गोळी खरोखर अर्धवट बाहेर पडत असू शकते. मग पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवावं. तेच औषध लवकर विरघळणाऱ्या गोळीतही बहुधा मिळतं.